कॅरेक्टरचा कोटा: मोजणी कशी होते आणि उरलेल्याचे काय होते

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याच्या किंवा मजकूर आवाजात वाचून घेण्याच्या बहुतेक सेवा आपला हिशेब शब्दांत किंवा पानांत न ठेवता कॅरेक्टरमध्ये ठेवतात. महिन्याला पाच लाख कॅरेक्टर विनाशुल्क, त्यापुढे दर दहा लाखांमागे अमुक डॉलर, अशी त्यांची दरपत्रके असतात. आकडा मोठा दिसतो म्हणून आपण निश्चिंत राहतो आणि महिन्याच्या मध्यावरच कोटा संपल्याचा संदेश येतो. तसे का होते ते समजण्यासाठी एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले काम डोळ्यांसमोर ठेवू. एका सार्वजनिक वाचनालयाला मुलांसाठीच्या चाळीस मराठी गोष्टी ऐकण्याच्या रूपात हव्या आहेत. प्रत्येक गोष्ट साधारण दीड हजार शब्दांची आहे आणि काम शक्यतो विनाशुल्क कोट्यात बसवायचे आहे.

सर्वांत आधी मोजणीचे एकक पाहू. मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि डीपएल या तिन्ही कंपन्यांच्या भाषांतर सेवा युनिकोडमधला प्रत्येक कोड पॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेली प्रत्येक खूण, हे एक कॅरेक्टर मानतात. देवनागरीत व्यंजन हा एक कोड पॉइंट असतो आणि त्याला लागणारा काना, वेलांटी, उकार किंवा मात्रा हा दुसरा. अनुस्वार स्वतंत्रपणे मोजला जातो आणि जोडाक्षर तयार करण्यासाठी वापरलेला हलन्तही स्वतंत्रपणे मोजला जातो, मग तो पडद्यावर दिसो वा न दिसो. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दात आपल्याला वि, द्या, र्थ्यां, ना अशी चार अक्षरे दिसतात. यंत्राला मात्र व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना असे पंधरा कोड पॉइंट दिसतात आणि कोट्यातून पंधरा वजा होतात. ज्यांच्याकडे पायथन आहे त्यांना हे लगेच पडताळता येईल.

```python
s = "विद्यार्थ्यांना"
print(len(s))                  # 15
print(len(s.encode("utf-8")))  # 45
```

प्रोग्रॅमिंगशी संबंध नसेल, तर गूगल शीट्सच्या एखाद्या चौकटीत मजकूर टाकून शेजारच्या चौकटीत `=LEN(A1)` लिहिले तरी मराठी मजकुरासाठी हाच पंधराचा आकडा मिळतो.

हे पाहून मराठीवर अन्याय होतो असा ग्रह होण्याची शक्यता आहे, पण तो पूर्ण खरा नाही. ‘विद्यार्थी शाळेत आले.’ या वाक्यात मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून एकवीस कॅरेक्टर होतात. त्याच अर्थाच्या `The students came to the school.` या इंग्रजी वाक्यात बत्तीस होतात. मराठीचे विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीतली ती उपपदे आणि शब्दयोगी अव्ययांची कामे करणारे सुटे शब्द इथे लागत नाहीत, त्यामुळे शब्दांची संख्या कमी भरते आणि एका शब्दातली वाढ दुसरीकडे भरून निघते. सर्वच वाक्यांत मराठीचा आकडा कमी येईल असे नाही, पण मराठीला दुप्पट कोटा लागतो ही समजूत धरून योजना निवडणे चुकीचे आहे. खरा फटका बसतो तो बाइटमध्ये मोजणी असेल तिथे, कारण मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट घेतो आणि इंग्रजीचे अक्षर एकच घेते. वरचे मराठी वाक्य सत्तावन्न बाइटचे आहे, इंग्रजी वाक्य बत्तीसचेच राहते.

हा फरक कागदोपत्री नाही, कामात अडवणारा आहे. गूगलच्या आवाज सेवेत नेहमीच्या एका विनंतीत जास्तीत जास्त 5,000 बाइटचा मजकूर पाठवता येतो. इंग्रजीत तेवढ्यात जवळजवळ पाच हजार कॅरेक्टर मावतात, मराठीत मोकळ्या जागांमुळे थोडी सवलत मिळूनही दोन हजारांच्या आतच थांबावे लागते. आपल्या गोष्टीतला मराठी शब्द मोकळी जागा धरून सरासरी सात कॅरेक्टरचा आहे असे मानू. (स्वतःच्या मजकुराची सरासरी एखाद-दोन परिच्छेद मोजून काढणे केव्हाही चांगले.) म्हणजे दीड हजार शब्दांची गोष्ट सुमारे 10,500 कॅरेक्टरची आणि सुमारे 28,000 बाइटची होते. ती गूगलकडे एका वेळी जाणार नाही, किमान सहा तुकडे करावे लागतील, आणि ते तुकडे वाक्याच्या शेवटी पाडावे लागतील, नाहीतर आवाज वाक्याच्या मध्येच खाली उतरेल. कोटा भरपूर शिल्लक असताना विनंती नाकारली गेली, तर पहिला संशय या बाइटच्या मर्यादेवर घ्यावा. ही मर्यादा एका विनंतीच्या आकाराची आहे आणि महिन्याच्या कोट्याशी तिचा संबंध नाही.

डोळ्यांना न दिसणारी कॅरेक्टर हा यापुढचा भाग आहे. मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ सुरू करणारी खूण यांची मोजणी सर्रास होते. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी नवी ओळ पडलेली असते आणि काही ठिकाणी दोन-दोन जागा सुटलेल्या असतात. त्यामुळे मोजणी वाढते, पण त्याहून वाईट म्हणजे वाक्य मध्येच तुटले आहे असे समजून भाषांतर आणि उच्चार दोन्ही बिघडतात. मराठीत आणखी एक गंमतशीर वाटावा असा पण खरा प्रकार आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य काही कळफलकांवर ऱ या स्वतंत्र वर्णाने लिहिला जातो, तेव्हा शब्द सात कॅरेक्टरचा होतो. तोच जर साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा सांधणारा कोड पॉइंट देऊन लिहिला, तर आठ होतात. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. एका कॅरेक्टरने कोटा रिकामा होत नाही, पण दोन संगणकांवर टंकलेल्या एकाच मजकुराचे आकडे वेगळे का येतात याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

जुन्या मराठी प्रकाशनांच्या बाबतीत मात्र थांबून पाहावेच लागते. पूर्वी श्रीलिपीसारख्या प्रणालींत, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेल्या फाइली आजही अनेकांकडे आहेत. त्या फाइलीतला मजकूर कागदावर मराठी दिसतो, आत मात्र तो इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ असतो. तो तसाच सेवेकडे पाठवला, तर सेवा ती चिन्हे मोजते, कोट्यातून वजा करते आणि परत निरर्थक काहीतरी देते. निकाल उपयोगाचा नाही म्हणून मोजणी रद्द होत नाही. आधी मजकूर साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे देवनागरी दिसली नाही, तर युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मजकुराबरोबर जाणाऱ्या सूचनांचे काय, याबाबत मात्र कंपन्यांचे नियम एकमेकांपासून दूर जातात. मायक्रोसॉफ्टच्या भाषांतर सेवेत वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणाही मोजल्या जातात. वर्डमधून वेबसाइटवर आणलेल्या मजकुरात `<p class="MsoNormal" style="text-align:justify">` अशी सुरुवात आणि `</p>` असा शेवट प्रत्येक परिच्छेदाला असेल, तर मराठीचे एकही अक्षर नसताना प्रत्येक परिच्छेदामागे बावन्न कॅरेक्टर खर्च होतात. आवाजाच्या सेवांमध्ये विराम, वेग आणि जोर सांगण्यासाठी एसएसएमएल नावाच्या खुणा वापरतात. अर्धा सेकंद थांबण्याची `<break time="500ms"/>` ही खूण एकवीस कॅरेक्टरची आहे. मायक्रोसॉफ्ट `<speak>` आणि `<voice>` या दोन खुणा सोडून बाकी सर्व मोजते. गूगल `<mark>` ही खूण सोडून बाकी मोजते. ॲमेझॉनची पॉली ही सेवा या खुणा बिलात धरतच नाही, पण तिच्याकडे अद्याप मराठी आवाज नाही, त्यामुळे आपल्या कामाला त्या उदारपणाचा उपयोग नाही.

भाषांतरात मोजणी पाठवलेल्या मजकुराची होते, परत मिळालेल्या मजकुराची नाही. मराठीतून इंग्रजीत जाताना मराठी मजकूर मोजला जातो आणि इंग्रजी निकाल कितीही लांब असला तरी त्याने फरक पडत नाही. मात्र एकच मजकूर अनेक भाषांत हवा असेल, तर प्रत्येक भाषा वेगळी मोजली जाते. सीमाभागातल्या एखाद्या संस्थेने तीन हजार कॅरेक्टरची मराठी सूचना एकाच विनंतीत हिंदी, कन्नड आणि कोंकणी या तीन भाषांत मागितली, तर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात नऊ हजार कॅरेक्टर खर्ची पडतात. तोच मजकूर कालच भाषांतरित केला होता हे कारण सेवा ऐकून घेत नाही, दुसऱ्यांदा पाठवला की तो दुसऱ्यांदा मोजला जातो. म्हणून निकाल आपल्याकडे साठवून ठेवणे ही कोटा वाचवण्याची सर्वांत परिणामकारक रीत आहे, आणि माझ्या मते महागडी योजना घेण्याआधी प्रत्येकाने हीच गोष्ट तपासावी. डीपएलच्या विकासकांसाठीच्या सेवेत आणखी एक तरतूद आहे. वर्ड, पॉवरपॉइंट, एक्सेल किंवा पीडीएफची अख्खी फाइल पाठवली, तर ती कितीही लहान असली तरी किमान 50,000 कॅरेक्टर धरली जातात. विनाशुल्क कोटा महिन्याला 500,000 असल्याने दहा एकपानी पत्रे फाइल म्हणून पाठवली की तो संपतो. तोच मजकूर फाइलीतून काढून साध्या रूपात पाठवला, तर कोट्याचा लहानसा अंशच लागतो.

आता उरलेल्या कोट्याकडे येऊ. विनाशुल्क मासिक कोटा कुठल्याच मोठ्या सेवेत पुढच्या महिन्यात नेता येत नाही. गूगलची भाषांतर सेवा महिन्याला पहिल्या पाच लाख कॅरेक्टरचे पैसे घेत नाही, मायक्रोसॉफ्टची वीस लाखांचे घेत नाही, पण मे महिन्यात एकही कॅरेक्टर वापरले नाही म्हणून जूनमध्ये दुप्पट मिळत नाही. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबी डेटासारखीच ही व्यवस्था आहे: मुदत संपली की उरलेले गेले. महिना केव्हा बदलतो हेही पाहावे लागते. गूगलच्या या सेवा ज्यातून मिळतात त्या गूगल क्लाउडचा हिशेब अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतो, म्हणून आपल्याकडे पहिली तारीख उजाडली तरी दुपारी साडेबारापर्यंत, आणि तिकडे हिवाळ्याची वेळ लागू असताना दीडपर्यंत, मागचाच महिना चालू असतो. पहिल्या तारखेला सकाळी काम सुरू करणाऱ्याचा वापर अशा रीतीने जुन्या महिन्यात जमा होतो.

वापराल तेवढे भरा या पद्धतीत शिल्लक असा प्रकारच नसतो, त्यामुळे मुदत संपण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो दरमहा ठरावीक रक्कम भरून घेतलेल्या कोट्याचा. तिथे नियम कंपनीगणिक बदलतात आणि विक्रीच्या पानावर ते ठळक अक्षरांत क्वचितच असतात. कृत्रिम आवाजासाठी प्रसिद्ध असलेल्या इलेव्हनलॅब्सने सशुल्क सदस्यांचे न वापरलेले क्रेडिट दोन महिन्यांपर्यंत पुढे जाऊ दिले आहे, पण सदस्यत्व चालू असेल तरच. विनाशुल्क सदस्याला ही सोय नाही. तिथले क्रेडिट आणि कॅरेक्टर यांचे प्रमाणही प्रत्येक मॉडेलला सारखे नसते, जलद मॉडेलला कॅरेक्टरमागे अर्धेच क्रेडिट लागते. म्हणून कोणतीही मासिक योजना घेताना अटींमध्ये चार गोष्टी शोधाव्यात: शिल्लक पुढे जाते का, किती महिने जाते, सदस्यत्व रद्द केले किंवा खालच्या योजनेत उतरलो तर तिचे काय होते, आणि वापर आधी जुन्या शिलकीतून वजा होतो की नव्या कोट्यातून. यातला शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण नवा कोटा आधी वापरला जात असेल, तर पुढे आलेली शिल्लक हात न लागताच बाद होते आणि पुढे जाण्याच्या सोयीला काही अर्थ राहत नाही.

वाचनालयाच्या कामाला आता आकडे लावून पाहू. मायक्रोसॉफ्टच्या आवाज सेवेत मराठीसाठी `mr-IN-AarohiNeural` आणि `mr-IN-ManoharNeural` असे दोन आवाज आहेत आणि विनाशुल्क स्तरावर महिन्याला पाच लाख कॅरेक्टर मिळतात. चाळीस गोष्टींचा नुसता मजकूर 420,000 कॅरेक्टरचा होतो. मुलांना ऐकताना सवड मिळावी म्हणून प्रत्येक गोष्टीत साठ ठिकाणी अर्ध्या सेकंदाचा विराम घातला, तर गोष्टीमागे 1,260 आणि एकूण 50,400 कॅरेक्टर वाढतात. बेरीज 470,400 झाली. काम एका महिन्यात बसते असे कागदावर दिसते, पण हाताशी उरतात फक्त 29,600. विराम धरून एक गोष्ट 11,760 कॅरेक्टरची आहे, म्हणजे जेमतेम दोन गोष्टी पुन्हा करता येतील, तिसरी अर्ध्यावर अडेल.

आणि पुन्हा करावे लागणार हे जवळजवळ निश्चित असते. चमच्यातला च आणि चरित्रातला च मराठी माणूस वेगळा उच्चारतो, पण दोन्ही एकाच चिन्हाने लिहितो, त्यामुळे यंत्र चुकण्याची शक्यता असते. ‘इ.स.’, ‘ता.’, ‘रु.’ अशी संक्षिप्त रूपे आणि आकड्यांत लिहिलेल्या तारखाही अडखळवू शकतात. अशा वेळी एका शब्दासाठी अख्खी गोष्ट पुन्हा पाठवली तर 11,760 कॅरेक्टर जातात. चुकलेले शंभर कॅरेक्टरचे वाक्य तेवढे पाठवून आवाजाच्या फाइलीत जोडले, तर त्याच 29,600 मध्ये जवळपास तीनशे दुरुस्त्या होतात. म्हणून मजकूर सुरुवातीपासून परिच्छेदवार वेगळ्या फाइलींत ठेवावा. पहिल्या गोष्टीच्या आधी सर्व गोष्टींमधली संक्षिप्त रूपे, विशेषनामे आणि तारखा वेचून त्यांची एक छोटी यादी आवाजात ऐकावी, त्यासाठी शे-दोनशे शब्दांचाच खर्च येतो.

शिल्लक पुढे जात नाही हा नियम इथे आपल्या बाजूनेही वापरता येतो. वीस गोष्टी एका महिन्यात आणि वीस दुसऱ्या महिन्यात केल्या, तर प्रत्येक महिन्याचा मूळ खर्च 235,200 येतो आणि दुरुस्त्यांसाठी 264,800 मोकळे राहतात. काम महिन्याच्या अखेरीस सुरू केले तर महिनाभर थांबण्याचीही गरज नाही, पंचविसाव्या तारखेच्या सुमारास पहिल्या वीस गोष्टी आटोपून पुढच्या महिन्याच्या दोन-तीन तारखेला उरलेल्या सुरू करता येतात. गावातल्या एखाद्या कार्यक्रमासाठी तारीख ठरलेली असेल, तर मागे मोजत येऊन महिन्याची सीमा कामाच्या मध्यावर पडेल असे पाहावे.

कोटा संपल्यावर काय घडते हे सेवेच्या स्तरावर अवलंबून असते आणि इथे चूक महागात पडू शकते. मायक्रोसॉफ्टच्या विनाशुल्क स्तरावर सेवा थांबते, भाषांतराच्या बाबतीत `403001` हा त्रुटी क्रमांक येतो आणि पैसे कापले जात नाहीत. डीपएल अशा वेळी `456` क्रमांक देते आणि `/v2/usage` या पत्त्यावर किती वापरले आणि मर्यादा किती हे कोणत्याही क्षणी सांगते. गूगल क्लाउडमध्ये मात्र खात्याला आधीच कार्ड जोडलेले असते आणि विनाशुल्क मर्यादा ओलांडली तरी काम थांबत नाही, पुढचा प्रत्येक कॅरेक्टर दराने बिलात चढतो. भाषांतराचा प्रचलित दर दहा लाखांमागे वीस डॉलरचा आहे. बजेटची सूचना लावून ठेवली की खर्च थांबेल असे अनेकांना वाटते, पण ती फक्त ईमेल पाठवते, वापर रोखत नाही. वापर खरोखर रोखायचा असेल, तर कन्सोलमधल्या कोट्याच्या पानावर भाषांतर सेवेची दिवसाची कॅरेक्टर मर्यादा स्वतः कमी करावी लागते. पाच लाखांत महिना काढायचा असेल, तर ती दिवसाला सोळा हजार ठेवावी. एकतीस दिवसांचे ते 496,000 होतात, आणि कुणाच्या हातून एखादी फाइल चुकून शंभरदा पाठवली गेली तरी नुकसान त्या दिवसापुरतेच राहते.